गणपतीची रजा : अकरा दिवस, की सात, की सोळा?

कोकणात गणपतीला जाणाऱ्या माणसाला ऑफिसात कुणी विचारलं, "किती दिवस नाहीस?", तर उत्तर ठरलेलं असतं : "आहे आठ-दहा दिवस." विचारणाऱ्याचं समाधान होतं आणि सांगणाराही डब्याकडे वळतो. दोघांच्या डोक्यात मात्र वेगवेगळे दिवस असतात. सांगणारा गावी किती दिवस राहणार ते सांगत असतो. साहेबांना टेबल किती दिवस रिकामं राहणार याची काळजी असते, आणि आस्थापना शाखेतल्या लिपिकाला रजेच्या खात्यातून किती दिवस वजा करायचे एवढंच हवं असतं. मधे शनिवार-रविवार आणि दोन-तीन सण आले की हे तीन आकडे एकमेकांपासून चांगलेच दूर जातात.

२०२५ च्या गणेशोत्सवाइतकं याचं चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही. त्या वर्षी गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला, बुधवारी होती. गौरी रविवारी ३१ तारखेला आल्या आणि मंगळवारी २ सप्टेंबरला गेल्या. ईद-ए-मिलादची सुट्टी शुक्रवारी ५ सप्टेंबरला होती आणि अनंत चतुर्दशी दुसऱ्याच दिवशी, शनिवारी ६ तारखेला. दोन आठवड्यांत सुट्ट्यांची अशी दाटी, आणि त्यातली एक ऐन वेळी जागा बदलणारी.

समजा, वांद्र्याच्या एका सरकारी कार्यालयातले एक वरिष्ठ लिपिक गावी जाणार आहेत. राज्य शासनाची कार्यालयं २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांच्या आठवड्यावर आली, तेव्हा शनिवार-रविवार त्यांना सुट्टी. शुक्रवार २२ ऑगस्टला काम आटोपून ते रात्रीची गाडी धरणार आणि गौरी-गणपती विसर्जनानंतर दोन-चार दिवस राहून रविवारी ७ सप्टेंबरला परत निघणार. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे परतीचं तिकीट जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातच काढायचं. तारखा तेव्हाच पक्क्या झाल्या. आता अर्ज.

इथे पहिला चकवा भाषेचाच असतो. मराठीत "आठ दिवस" म्हणजे आठवडा. सोमवार ते सोमवार, दोन्ही टोकं मोजून आठ. "पंधरा दिवसांनी ये" म्हणणारा माणूस चौदाव्या दिवसानंतरचाच दिवस सांगत असतो, आणि ऐकणाराही तो बरोबर समजतो. घरात यात काही बिघडत नाही. रजेच्या अर्जात "आठ दिवसांची रजा" लिहिलं, की मंजूर करणारा आठ मोजतो, घेणाऱ्याच्या मनात सात असतात आणि एक दिवस कुणाच्याच हिशेबात नसतो. "पर्यंत" हा शब्दही तसाच. "गुरुवारपर्यंत रजेवर आहे" म्हणजे गुरुवारी येणार की शुक्रवारी? कार्यालयीन लिखाणात "पर्यंत"चा दिवस रजेत धरतात. बोलताना मात्र "गुरुवारपर्यंत येतो" म्हणणारा गुरुवारी दारात उभा असतो. म्हणून जुने लिपिक तारखांच्या पुढे "दोन्ही दिवस धरून" असं लिहायला सांगत. तीनच शब्द, पण भांडण मिटवणारे.

दुसरा चकवा वजाबाकीचा. २५ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर किती दिवस? पुष्कळ जण तारखांतला फरक काढतात : ऑगस्टचे सहा, सप्टेंबरचे चार, झाले दहा. खरं उत्तर अकरा. पंचवीस तारीख स्वतःही एक दिवस आहे, आणि वजाबाकीत तीच गळते. बोटं मोजताना ही चूक होत नाही, कॅल्क्युलेटरवर हमखास होते.

तर आपल्या लिपिकांचा हिशेब. रजा सोमवार २५ ऑगस्टपासून गुरुवार ४ सप्टेंबरपर्यंत, दोन्ही दिवस धरून अकरा दिवस. शुक्रवार ५ सप्टेंबरला ईदची सुट्टी, पुढे शनिवार-रविवार. मागे २३ आणि २४ ऑगस्ट हेही शनिवार-रविवार. कार्यालयातून ते दिसेनासे होणार २३ ऑगस्ट ते ७ सप्टेंबर, म्हणजे सोळा दिवस. आणि या सोळांतले कामाचे दिवस? २५, २६, २८, २९ ऑगस्ट, मग १, २, ३, ४ सप्टेंबर. आठ. जुलैत तिकीट काढताना हिशेब हा असा होता : सोळा, अकरा, आठ.

यातला अकराचा आकडा अनेकांना खटकतो. मधला शनिवार-रविवार आणि चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी रजेत का धरली? कारण ही अर्जित रजा आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ असोत की केंद्राचे १९७२ चे रजा नियम, दोन्हीकडे पद्धत तीच : अर्जित रजेच्या मधे पडलेली सुट्टी रजाच होते. रजेच्या आधी किंवा नंतर लागून आलेली सुट्टी मात्र परवानगीने जोडून घेता येते आणि ती खात्यातून जात नाही. म्हणजे सुट्टी कुठे पडली यावर तिची किंमत ठरते. कडेला पडली तर फुकट, मधे पडली तर विकत.

म्हणूनच सरकारी रजेच्या अर्जाच्या नमुन्यात एक स्वतंत्र रकाना असतो : रजेच्या आधी किंवा नंतर जोडून घ्यावयाचे रविवार व सुट्ट्या. अर्ज भरताना हा रकाना सगळ्यात जास्त वेळा कोरा राहतो. "त्यात काय लिहायचं, सुट्टीच आहे ना" असं वाटतं. पण तो कोरा ठेवून कुणी रजेच्या तारखाच २३ ऑगस्ट ते ७ सप्टेंबर अशा टाकल्या, तर मंजुरीही तशीच येते आणि अकराऐवजी सोळा दिवस वजा होतात. सेवापुस्तकाला जोडलेल्या रजेच्या हिशेबात ही नोंद एकदा चढली की ती खाली उतरवायला पुन्हा अर्ज आणि पुन्हा साहेबांची सही. वर्षाला मिळते तीस दिवस अर्जित रजा. त्यातली पाच अशी उडवणं परवडणारं नाही.

नीट लिहिलेला अर्ज फार लांब नसतो.

"विषय : अर्जित रजा मंजूर होणेबाबत.

मला दि. २५ ऑगस्ट २०२५ (सोमवार) ते दि. ४ सप्टेंबर २०२५ (गुरुवार), दोन्ही दिवस धरून, ११ दिवसांची अर्जित रजा मंजूर व्हावी. रजेच्या मागे जोडून येणाऱ्या दि. २३ व २४ ऑगस्ट (शनिवार, रविवार) आणि पुढे जोडून येणाऱ्या दि. ५ सप्टेंबर (ईद-ए-मिलाद), ६ व ७ सप्टेंबर (शनिवार, रविवार) या सुट्ट्यांचा लाभ घेण्याची, तसेच या काळात मुख्यालय सोडण्याची परवानगी मिळावी, ही विनंती. मी दि. ८ सप्टेंबर २०२५ (सोमवार) रोजी म.पू. कामावर रुजू होईन."

म.पू. म्हणजे मध्यान्हपूर्व, सकाळी कार्यालय भरताना. यात प्रत्येक तारखेपुढे वार आहे, तो शोभेसाठी नाही. तारीख लिहिताना बोट एका आकड्याने घसरलं तर तारीख एकटी स्वतःची चूक दाखवत नाही. शेजारी वार असला की "४ सप्टेंबर (शुक्रवार)" वाचताच कुणीतरी भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बघतं. महिन्याचं नाव अक्षरात लिहिण्याचं कारणही तसंच. ५/९ ही आपल्याकडे पाच सप्टेंबर, अमेरिकेतल्या सहकाऱ्यासाठी नऊ मे. पुण्यात बसून न्यू जर्सीच्या चमूबरोबर काम करणाऱ्या मंडळींनी आकड्यांत रजा कळवली, तर तिकडच्या कॅलेंडरात ती भलत्याच महिन्यात जाऊन बसू शकते.

शेवटचं वाक्य, रुजू होण्याचं, पुष्कळ अर्जांत नसतंच. रजा ४ तारखेला संपते, मग माणूस ५ ला येणार असं वाचणारा धरून चालतो. प्रत्यक्षात तो ८ ला उगवतो. रजेची शेवटची तारीख आणि रुजू होण्याची तारीख यांत इथे तीन दिवसांचं अंतर आहे, आणि ज्याने ५ तारखेला भेटायला बोलावलं तो दारातून परत जाणार. "शेवटची तारीख अधिक एक" हे सूत्र सुट्ट्या नसलेल्या आठवड्यातच खरं ठरतं.

आता २०२५ मध्ये पुढे काय झालं ते पाहू.

मुंबई शहर आणि उपनगर जिल्ह्यांतल्या सरकारी कार्यालयांना गोपाळकाला आणि अनंत चतुर्दशी या दोन दिवशी स्थानिक सुट्टी मिळते. त्या वर्षी हे दोन्ही दिवस, १६ ऑगस्ट आणि ६ सप्टेंबर, शनिवारी आले. शनिवारी तशीही सुट्टीच, म्हणून शासनाने ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या बदली दुसरे दोन दिवस दिले : नारळी पौर्णिमेचा ८ ऑगस्ट आणि ज्येष्ठा गौरी विसर्जनाचा २ सप्टेंबर. आपल्या लिपिकांच्या आठ कामाच्या दिवसांतला मंगळवार त्यामुळे गळला. टेबल आता सात दिवसच रिकामं राहणार. साहेबांच्या दृष्टीने आठाचे सात झाले, पण रजेचे अकरा अकराच राहिले, कारण २ सप्टेंबर रजेच्या पोटात होता.

मग सप्टेंबर उजाडला. मुंबईतले मुस्लिम समाजाचे जुलूस अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाशी भिडू नयेत म्हणून सोमवारी ८ सप्टेंबरला काढायचं ठरलं. त्याबरोबर शासनाने मुंबई शहर आणि उपनगरातली ईदची सुट्टी ५ वरून ८ तारखेला हलवली. बाकी महाराष्ट्रात ती ५ लाच राहिली. असा बदल मुंबईने २०२३ मध्येही पाहिला होता आणि २०२४ मध्येही. २०२५ ला निर्णय आला तो ईद ऐन तोंडावर असताना. आपले लिपिक तेव्हा गावच्या ओटीवर बसलेले.

त्यांच्या अर्जाचं काय झालं? ५ सप्टेंबर हा दिवस सुट्टी म्हणून जोडलेला होता, तो अचानक कामाचा झाला. ८ सप्टेंबर हा रुजू होण्याचा दिवस होता, तो सुट्टीचा झाला. काहीच केलं नाही तर हजेरीपटावर ५ तारखेपुढे गैरहजेरी लागणार, कारण त्या दिवसाची रजा कुणी मंजूरच केलेली नाही. त्यांना रजा एक दिवसाने वाढवून मिळण्याचा अर्ज करायला हवा : रजा २५ ऑगस्ट ते ५ सप्टेंबर, बारा दिवस, पुढे जोडून ६, ७ आणि ८ सप्टेंबर, रुजू मंगळवार ९ सप्टेंबर. सोळा-अकरा-सातचे आता सतरा-बारा-आठ झाले.

या फेरफारात एक गंमत आहे. पहिल्या अर्जात "५ सप्टेंबर (ईद-ए-मिलाद)" असं कारणासकट लिहिलेलं होतं, म्हणून परिपत्रक हातात पडताच आस्थापना शाखेला कुठला दिवस सरकला ते एका नजरेत कळलं. तिथे नुसतं "पुढील सुट्ट्या जोडून" असतं, तर अर्जदाराच्या मनात कुठल्या सुट्ट्या होत्या हे विचारायला गावी फोन लावावा लागला असता. गणपतीत कोकणातला फोन लागणं हा वेगळा विषय.

हेच दिवस दुसऱ्या नोकरीत मोजले तर आकडे पुन्हा बदलतात. हिंजवडीतली एखादी कंपनी घ्या. तिची सुट्ट्यांची यादी तिची स्वतःची. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे चार दिवस ठरलेले. आणखी चार सणांच्या सुट्ट्या मालक आणि कामगार आपसांत ठरवतात. समजा, या कंपनीने त्यात गणेश चतुर्थी घेतली आहे, ईद घेतलेली नाही. इथली मुलगी २५ ऑगस्ट ते ५ सप्टेंबर सुट्टीवर गेली, तर एकूण दिवस बारा, त्यातून एक शनिवार, एक रविवार आणि चतुर्थी वजा. कामाचे नऊ दिवस, आणि अशा कंपनीत रजेच्या खात्यातूनही बहुधा नऊच जातात. तिच्या मेलमध्ये एवढं पुरतं : कामाचा शेवटचा दिवस शुक्रवार २२ ऑगस्ट, २५ ऑगस्ट ते ५ सप्टेंबर रजा, कामाचे ९ दिवस (२७ ऑगस्टची सुट्टी वगळून), परत सोमवार ८ सप्टेंबर. कंसातले शब्द गाळू नयेत. बंगळुरूच्या कचेरीत २७ ला सुट्टी आहे की नाही हे तिथला व्यवस्थापक पाठ करून बसलेला नसतो, आणि त्याने मोजलेले दहा आणि हिने लिहिलेले नऊ यांचा मेळ त्याशिवाय लागत नाही.

आणि भोसरीचा कामगार? पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. रविवारी तिथे भोंगा वाजतोच. त्याच बारा दिवसांतून त्याचे २८ ऑगस्ट आणि ४ सप्टेंबर हे दोन गुरुवार जातात, चतुर्थीची सुट्टी असेल तर तीही. उरले नऊ. आकडा हिंजवडीच्या मुलीइतकाच, पण दिवस वेगळे. तिचा शनिवार-रविवार ३०-३१ ऑगस्ट हे याच्या कामाचे दिवस आहेत. "नऊ दिवस" एवढंच दोघांनी सांगितलं असतं, तर दोघं एकाच दिवशी मोकळे आहेत असा समज होऊन गावच्या आरतीचा बेत फसला असता. कारखान्यांपुरता नियमही सरकारी कार्यालयाच्या उलटा होता. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ७९ ने स्पष्ट म्हटलं होतं की पगारी रजेचे दिवस मोजताना सुट्ट्या वगळायच्या, मग त्या रजेच्या मधे असोत की कडेला. म्हणजे एकाच घरातला भाऊ मंत्रालयात आणि दुसरा भोसरीत असेल, तर एकाच गणपतीसाठी एकाच्या खात्यातून अकरा जात आणि दुसऱ्याच्या नऊ, आणि दोघांचे साहेब कायद्यानेच वागत.

बँकेत आणखी वेगळं. १ सप्टेंबर २०१५ पासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी, बाकीचे शनिवार पूर्ण काम. या बारा दिवसांतला ३० ऑगस्टचा शनिवार पाचवा होता, म्हणजे कामाचा. त्याआधीचा २३ ऑगस्ट चौथा, म्हणजे सुट्टीचा. बँकेतला माणूस "दोन शनिवार सोडून" म्हणाला, तर ते कुठले दोन हे तारखेनेच सांगायला हवं.

मराठी कचेऱ्यांत सगळ्यात जास्त वाद मात्र होतो तो छोट्या रजेचा. १५ ऑगस्ट २०२५ शुक्रवारी होता. कुणी गुरुवारी १४ ला आणि सोमवारी १८ ला रजा टाकली, तर पाच दिवस घरी. रजा किती झाली? सरकारी कर्मचाऱ्याने नैमित्तिक रजा टाकली असेल तर दोन दिवस, कारण नैमित्तिक रजेच्या मधे आलेली सुट्टी रजेत मोजत नाहीत. त्याच कर्मचाऱ्याने अर्जित रजा मागितली तर पाच. खासगी कंपनीत मधल्या सुट्ट्या रजेत ओढायचा नियम असेल, ज्याला तिथे सरळ "सँडविच लीव्ह" म्हणतात, तर तिथेही पाच. काही कंपन्या दोन्ही बाजूंनी रजा असली तरच मधलं मोजतात, काही एकाच बाजूला रजा असली तरी ओढतात, काही मुळीच नाही. म्हणून नुसत्या तारखा पुरत नाहीत, रजेचा प्रकारही लिहावा लागतो. आणि १४ ची एक, १८ ची एक असे दोन वेगळे अर्ज टाकून अर्जित रजेचा नियम चुकवता येईल असं वाटणाऱ्यांना आस्थापना शाखा चांगली ओळखून असते. मधे एकही दिवस हजेरी नाही, मग ती एकच सलग अनुपस्थिती. एकाच दौडीत नैमित्तिक आणि अर्जित रजा जोडताही येत नाहीत.

रविवार मोजायचा की नाही यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेलं आहे. कोईमतूरच्या कामगार न्यायालयातून आलेला हा खटला बी. शहा या नावाने ओळखला जातो. निकाल १९७७ चा. मळ्यावर काम करणाऱ्या एका बाईला बारा आठवड्यांचा प्रसूती लाभ द्यायचा होता. मालकाने बारा रविवार वगळून पैसे दिले, कारण रविवारी तिला मजुरी मिळतच नव्हती. तिचं म्हणणं, आठवडा म्हणजे सात दिवस. न्यायालयाने तेच मान्य केलं : बाहत्तर नव्हे, चौऱ्याऐंशी दिवस. आठवड्यांत मांडलेल्या मुदतीत रविवार आपोआप येतो, हे तिथून पक्कं झालं. गणपतीच्या रजेत रविवार मोजला जाऊ नये म्हणून माणूस धडपडतो. तिथे तो मोजला जावा म्हणून झगडा होता.

हिशेब हाताने करायचा नसेल तर एक्सेलमध्ये तो तीन ओळींत होतो. A2 मध्ये रजेचा पहिला दिवस, B2 मध्ये शेवटचा, आणि F स्तंभात त्या वर्षीच्या सुट्ट्यांच्या तारखा.

```
=B2-A2+1
=NETWORKDAYS.INTL(A2,B2,1,F2:F30)
=WORKDAY.INTL(B2,1,1,F2:F30)
```

पहिली ओळ एकूण दिवस देते. त्यातला अधिक एक म्हणजे मघाची गळालेली पंचवीस तारीख. दुसरी कामाचे दिवस देते आणि तिसरी रुजू होण्याची तारीख. सूत्रांतला तारखांनंतरचा आकडा साप्ताहिक सुट्टी सांगतो : दुसऱ्या ओळीत तो तिसऱ्या जागी आहे. तिथला १ म्हणजे शनिवार-रविवार, ११ म्हणजे फक्त रविवार, १५ म्हणजे फक्त गुरुवार. तिसऱ्या ओळीत १ दोनदा आला आहे. त्यातला पहिला "एक कामाचा दिवस पुढे" असं सांगतो आणि दुसरा साप्ताहिक सुट्टीचा. दुसऱ्या-चौथ्या शनिवारची भानगड मात्र एक्सेलला कळत नाही. बँकेतल्याने ११ घालावं आणि ते शनिवार तारखेने F स्तंभात लिहावेत.

या यंत्राचा एक फायदा हाताच्या हिशेबात हमखास निसटतो. २०२६ मध्ये १५ ऑगस्ट शनिवारी येतो. १० ते २१ ऑगस्ट, सोमवार ते शुक्रवार, बारा दिवसांची रजा घेणारा माणूस शनिवार-रविवारचे दोन वजा करतो, मग "आणि पंधरा ऑगस्ट" म्हणून आणखी एक वजा करतो आणि नऊ लिहून मोकळा होतो. पण तो शनिवार आधीच गेलेला आहे. कामाचे दिवस दहा. एक दिवस दोनदा सुट्टी होत नाही, आणि सूत्र तो दोनदा वजा करत नाही. अर्ज तपासणाऱ्याला ही चूक ओळखायची सोपी युक्ती अशी : प्रत्येक वजा केलेल्या तारखेवर बोट ठेवायचं. एका चौकोनावर दोन बोटं आली की आकडा चुकला.

सूत्राला नसणारी अक्कल मात्र F स्तंभात माणसालाच घालावी लागते. वर्षाच्या सुरुवातीला जाहीर झालेली यादी तिथे उतरवून ठेवली आणि पुन्हा पाहिली नाही, तर २०२५ च्या सप्टेंबरात मुंबईच्या लिपिकाला तिने रुजू होण्याची तारीख ८ अशीच दाखवली असती. परिपत्रक वाचून ५ च्या जागी ८ लिहायचं, २ सप्टेंबर नवा घालायचा, मग B2 मध्ये ४ ऐवजी ५ सप्टेंबर टाकायचा. तेव्हा खालच्या घरात मंगळवार ९ सप्टेंबर उमटतो.

आपले लिपिक त्या मंगळवारी पावणेदहाला हजर झाले असं धरू. पिशवीत मोदक, सोबत रजावाढीचा अर्ज. रुजू अहवालावर त्यांनी लिहायचं ते एवढंच : "दि. २५ ऑगस्ट ते ५ सप्टेंबर २०२५ या १२ दिवसांच्या अर्जित रजेनंतर, दि. ६, ७ व ८ सप्टेंबरच्या सुट्ट्या जोडून, आज दि. ९ सप्टेंबर २०२५ (मंगळवार) रोजी म.पू. रुजू झालो." शेजारच्या टेबलावरून प्रश्न येतोच, "काय हो, किती दिवस गेला होतात?" त्याला "पंधरा-सतरा दिवस" चालतं.